सगळी ‘ऑटोमॅटिक’ तेले एक नसतात

आपल्या मंडळाच्या कोजागरीला किंवा गणपतीला हॉलबाहेर लागलेल्या गाड्या पाहिल्या, तर आता निम्म्यांत तरी क्लचचे पेडल नसेल. बडोद्यातल्या वाहतुकीत डावा पाय दुखवून घेण्याची हौस कुणालाच राहिलेली नाही. गाडी ऑटोमॅटिक आहे एवढे आपल्याला पक्के ठाऊक असते. पण ती कोणत्या जातीची ऑटोमॅटिक आहे आणि तिच्या गिअरबॉक्समध्ये नेमके कोणते तेल पडते, असे विचारले तर बहुतेक जण म्हणतात, “ते गॅरेजवाला बघतो.” गॅरेजवाला बघतोच. फक्त काही गॅरेजांत त्याच्यापाशी लाल तेलाचा एकच मोठा डबा असतो आणि तो सगळ्या गाड्यांना चालतो असा त्याचा विश्वास असतो. हा लेख त्या डब्याबद्दल आहे.

आधी जाती समजून घेऊ, कारण तेल जातीवर ठरते. आपल्याकडे ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली किमान चार वेगळी यंत्रे विकली जातात. पहिली एएमटी. ही मुळात हाताने बदलायच्या गिअरचीच पेटी असते, फक्त क्लच दाबायचे आणि गिअर टाकायचे काम मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा करते. तिच्यात साधे गिअर ऑइल लागते. दुसरी जुन्या परंपरेची टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक. तिच्यात पाच, सहा किंवा अधिक गिअर असतात आणि तेलात बुडालेल्या क्लचच्या चकत्या ते बदलतात. हिच्या तेलाला एटीएफ म्हणतात. तिसरी दोन क्लचची डीसीटी. चौथी सीव्हीटी, म्हणजे जिच्यात ठरावीक गिअरच नसतात. या लेखात मी दुसरी आणि चौथी यांच्याबद्दलच बोलणार आहे, कारण गोंधळ या दोघींच्या तेलातच होतो.

गोंधळाचे एक कारण गाड्यांच्या नावांतच आहे. होंडा सिटीचेच पाहा. २००३ नंतरच्या सिटीत सीव्हीटी मिळत असे. २००८ च्या शेवटी आलेल्या पिढीत पाच गिअरची नेहमीची ऑटोमॅटिक आली. २०१४ च्या पिढीत पेट्रोल सिटीला परत सीव्हीटी मिळाली. तिन्ही गाड्यांचे नाव सिटी आणि तिन्ही ‘ऑटोमॅटिक’. पण २०१२ च्या सिटीच्या गिअरबॉक्सला होंडाचे एटीएफ लागते (आता ते डीडब्ल्यू-१ या नावाने मिळते, आधी झेड-१ होते), तर २०१६ च्या सिटीला एचसीएफ-२ हे सीव्हीटीचे तेल लागते. कंपनी एक, गाडीचे नाव एक आणि दुकानातले फळकूटही एकच. तरी ही दोन तेले एकमेकांच्या जागी चालत नाहीत. का चालत नाहीत, हे कळले की पुढचे सगळे आपोआप कळते.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये गिअर बदलतो तेव्हा काय होते? एका बाजूला कागदासारख्या तंतुमय पदार्थाचा लेप असलेल्या चकत्या आणि दुसऱ्या बाजूला पोलादाच्या चकत्या तेलात बुडालेल्या असतात. तेलाच्या दाबाने त्या एकमेकींवर दाबल्या जातात. सुरुवातीला दोघींच्या वेगात फरक असतो. मग त्या घसरत घसरत एका वेगाला येतात आणि चिकटतात. हे चिकटणे जर शेवटच्या क्षणी झटक्याने झाले, तर आपल्याला हिसका बसतो किंवा गाडी थरथरते. म्हणून एटीएफमध्ये अशी द्रव्ये मिसळलेली असतात, की चकत्यांचा वेग जवळ येत जाईल तसे घर्षण हळूच उतरावे. सोप्या शब्दांत सांगायचे तर चांगल्या एटीएफला हळुवार घसरू देता आले पाहिजे.

हे ‘किती घसरू द्यायचे’ प्रत्येक कंपनी वेगळे ठरवते आणि हा मतभेद फार जुना आहे. अमेरिकेत १९६० च्या दशकात जनरल मोटर्सने डेक्स्रॉन हे तेल आणले. त्यात घर्षण मवाळ करणारी द्रव्ये होती. त्याच काळात फोर्डच्या टाइप-एफ तेलात ती नव्हती, कारण फोर्डला क्लच पटकन आणि घट्ट पकडायला हवे होते. दोन्ही तेले चांगलीच, पण एकमेकांच्या गाडीत घातली की एकीत गिअर हिसक्याने पडायचे, तर दुसरीत क्लच जास्त घसरायचे. पुढे फोर्डही मवाळ तेलांकडे वळली. म्हणजे ‘सगळ्यांना चालणारे एटीएफ’ सुरुवातीच्या काळातही नव्हते. आज तर तेलाचा दाटपणाही बदलला आहे. २००५ साली आलेले डेक्स्रॉन-६ हे आधीच्या डेक्स्रॉन-३ पेक्षा पातळ आहे, कारण पातळ तेल घुसळायला इंजिनाची ताकद कमी लागते.

मग डब्यावर ‘युनिव्हर्सल’ किंवा ‘मल्टी-व्हेइकल’ लिहिलेले तेल म्हणजे फसवणूक का? नाही. नामांकित तेल कंपन्या दाटपणा आणि घर्षण मधल्या पट्ट्यात ठेवून असे तेल बनवतात, की ते बऱ्याच गिअरबॉक्सना जमेल. जुन्या चार-पाच गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये, वॉरंटी संपल्यावर, अशी तेले वर्षानुवर्षे चालतात. मात्र डब्यामागचे बारीक अक्षर वाचण्यासारखे असते. एखाद्या कंपनीने स्वतः तपासून मान्यता दिली असेल, तर तिथे ‘लायसन्स्ड’ किंवा ‘अप्रूव्ह्ड’ असा शब्द आणि बहुधा क्रमांक असतो. ‘सुटेबल फॉर’ किंवा ‘रेकमेंडेड फॉर यूज इन’ असे असेल, तर तो तेल विकणाऱ्याचा स्वतःचा दावा असतो. तो खरा असू शकतो, पण गाडी बनवणाऱ्याची सही त्याच्यामागे नसते. एटीएफच्या बाबतीत हा फरक बहुतेक वेळा गिअर थोडा खरबरीत बदलण्यावर निभावतो. सीव्हीटीच्या बाबतीत निभावत नाही.

कारण सीव्हीटीत काम उलटे आहे. तिच्या आत दोन पुली असतात. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेले दोन शंकू. शंकू जवळ आले की पट्टा वर चढतो आणि दूर गेले की खाली उतरतो, त्यामुळे दोन पुलींचे गुणोत्तर सलग बदलत राहते. ही कल्पना डच इंजिनिअर हुब व्हान डोर्न यांनी डीएएफ कंपनीच्या छोट्या गाडीत १९५८ साली आणली. तेव्हा पट्टा रबराचा होता. नंतर नेदरलँड्समधल्या टिलबर्ग इथे पोलादी पट्टा तयार झाला आणि आजच्या बहुतेक सीव्हीटीत त्याच घराण्याचा पट्टा असतो. पातळ पोलादी कड्यांच्या दोन जुड्या आणि त्यांवर ओवलेले शेकडो छोटे पोलादी तुकडे, असा तो दिसतो. हे तुकडे एकमेकांना ढकलत ताकद पुढे नेतात.

आता महत्त्वाचा मुद्दा. त्या पोलादी तुकड्यांच्या कडा आणि पुलीचा पोलादी शंकू यांच्यामध्ये दात नाहीत, खाचा नाहीत. इंजिनाची सगळी ताकद पोलादावर पोलाद दाबून, फक्त घर्षणाच्या जोरावर, चाकांकडे जाते. आणि या दोन पोलादांच्या मध्ये तेल आहे. त्या तेलाने धातू झिजू द्यायचा नाही, पण घसरूही द्यायचे नाही. एटीएफला आपण शाबासकी देतो ती हळुवार घसरू देण्याबद्दल. सीव्हीटीच्या तेलाला तोच गुण अवगुण ठरतो. जपानच्या वाहन उद्योगाच्या जासो मानकांत पट्ट्याच्या सीव्हीटीच्या तेलासाठी धातूवर धातूचे घर्षण मोजायची एम ३५८ ही स्वतंत्र चाचणी आहे. एटीएफच्या चाचण्या चकत्यांच्या घर्षणाभोवती फिरतात. परीक्षाच वेगळी, तर एकीत पहिला आलेला दुसरीत पास होईल असे नाही.

हे आकड्यांत पाहिले की अंगावर येते. मी धंद्याने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे गिअरबॉक्सच्या संगणकाच्या बाजूने विचार करायची मला खोड आहे. २०१४ च्या पेट्रोल सिटीच्या इंजिनाचा टॉर्क १४५ न्यूटन-मीटर आहे. समजा, चढावर पट्टा पुलीच्या मध्यापासून ३ सेंटिमीटरवर बसला आहे. तर पट्ट्यावर सुमारे ४,८०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ४९० किलो वजनाएवढी ओढ येते. पोलाद-तेल-पोलाद यांचा घर्षणांक साधारण ०.१ च्या आसपास धरतात. शंकूच्या दोन बाजू मिळून ही ओढ पेलायची, तर पुलीने पट्ट्याला सुमारे २,४०० किलो वजनाएवढ्या जोराने चिमटीत धरावे लागते. संगणक त्यावर थोडी राखीव पकड ठेवतो. ती ३० टक्के धरू. म्हणजे चिमटा झाला सुमारे ३,१०० किलोंचा.

आता त्यात असे तेल घाला, की ज्याने घर्षणांक ०.१ वरून ०.०७ वर येतो. तीच ओढ पेलायला आता सुमारे ३,४५० किलोंचा चिमटा लागेल. संगणक मात्र ३,१०० नेच धरतो आहे, कारण त्याला इंजिनाचा टॉर्क कळतो, पुलीचे वेग कळतात, तेलाचा दाब आणि तापमान कळते. पण बाटलीवरचे लेबल कळत नाही. घर्षणांक मोजणारा सेन्सर गाडीत नसतो. कारखान्यात बसून कुणीतरी विशिष्ट तेल गृहीत धरून तो आकडा प्रोग्रॅममध्ये लिहिलेला असतो. आपण तेल बदलले की ते गृहीतक खोटे पडते आणि प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही नसतो. राखीव पकड संपते आणि पट्टा घसरतो. ३ सेंटिमीटर, ३० टक्के आणि ०.०७ हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. गाडीगणिक ते बदलतील, पण हिशेबाची रीत हीच राहील.

कुणी म्हणेल, मग राखीव पकड दुप्पटच का ठेवत नाहीत? कारण तो दाब निर्माण करायला पंप लागतो आणि पंपाला ताकद इंजिनच देते. सीव्हीटी घ्यायची ती मायलेजसाठी. म्हणून चिमटा गरजेपेक्षा थोडाच जास्त ठेवतात, आणि म्हणूनच तेलाच्या बाबतीत तिला हयगय चालत नाही.

हे सगळे कागदावरचे राहू नये म्हणून आमच्या घरातला एक व्यवहार सांगतो. माझ्या मावसभावाला, म्हणजे दादाला, जुनी गाडी घ्यायची होती. मांजलपुरातल्या एका ओळखीच्या गृहस्थांची २०१६ ची सिटी सीव्हीटी विकाऊ होती. रंग छान, धाव कमी, भाव बाजारापेक्षा पंचवीस-तीस हजारांनी खाली. वहिनींना तर गाडी पाहताक्षणी आवडली. मालक सज्जन होते, त्यांनी सगळ्या बिलांची फाइलच समोर ठेवली. तिच्यात आठ महिन्यांपूर्वीचे एका खासगी गॅरेजचे बिल होते. त्यावर एक ओळ होती : ‘ट्रान्समिशन ऑइल, युनिव्हर्सल एटीएफ, साडेतीन लिटर.’

मी दादाला म्हटले, “बिलातली ही ओळ चुकून लिहिली असेल तर ठीक, पण खरी असेल तर आपल्याला गाडी चढावर न्यावी लागेल.” शहरात गाडी लोण्यासारखी चालली. रविवारी सकाळी आम्ही मालकांनाही बरोबर घेऊन पावागडला माचीपर्यंत गेलो. पहिल्या अर्ध्या रस्त्याला काही नाही. तेल तापल्यावर, तीव्र वळणानंतर दादाने पाय दाबला की इंजिनाचा काटा एकदम हजारभर फेऱ्यांनी वर जायचा आणि गाडी मात्र क्षणभर तिथेच रेंगाळायची. मग पकड यायची. उतरताना, वेग कमी होत असताना, बारीक किणकिणाटासारखा सूर ऐकू येत होता. सीव्हीटीत पाय दाबल्यावर फेऱ्या वाढणे स्वाभाविक आहे, ती तिची चालच आहे. फरक असा, की निरोगी गाडीत फेऱ्यांबरोबर ओढही वाढते. इथे फेऱ्या वाढत होत्या आणि ओढ मागून येत होती.

मालकांच्या परवानगीने सोमवारी ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी वर चढवून थोडे तेल काढले. निचरा बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतो. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप असणे नेहमीचे आहे, सगळ्याच गिअरबॉक्समध्ये थोडी झीज होते. पण इथे लेपात बोटाला टोचणारे चमकदार कण होते. मेकॅनिकने ते बोटावर घेऊन उजेडात दाखवले आणि म्हणाला, “साहेब, हे पुलीचं किंवा पट्ट्याचं आहे.” तेलाच्या रंगावरून मात्र आम्ही काही ठरवले नाही. रंग हा निव्वळ ओळखीसाठी घातलेला असतो, तो कंपनीगणिक बदलतो आणि तेल वापरले की काळवंडतो.

वहिनींचा प्रश्न रास्त होता. “तेल चुकीचं होतं ना? मग बरोबर तेल घालूया, विषय संपला.” तेल नुकतेच चुकले असते तर विषय खरोखर तिथेच संपला असता. पण पट्टा एकदा घसरला, की शंकूच्या आरशासारख्या पृष्ठभागावर ओरखडे उठतात. ओरखड्यांतून निघालेले कण तेलाबरोबर फिरतात आणि दाब सांभाळणाऱ्या झडपांत जाऊन बसतात. दाब डळमळला की पट्टा आणखी घसरतो. बरोबर तेल हे चक्र मंद करू शकते. ओरखडे भरून काढू शकत नाही. पुली आणि पट्टा बदलायचा म्हणजे जवळजवळ सगळा गिअरबॉक्स उघडायचा, आणि तो खर्च लाखाच्या घरात जातो. गॅरेजात वाचले होते फार तर हजार-दीड हजार. दादाने गाडी घेतली नाही. मालकांना आम्ही सगळे नीट सांगितले, तेव्हा त्यांना बसलेला धक्का पाहवला नाही. त्यांनी बिल भरले होते, तेल वेळेवर बदलले होते, निगा राखली होती.

आपल्या गाडीत चुकीचे तेल पडले आहे असे लक्षात आले तर काय करावे? इंजिन सुरू केले नसेल तर करूच नये. तिथेच तेल काढून योग्य तेल भरले की फारसे बिघडत नाही. गाडी चालवली असेल, तर एकदा तेल बदलणे पुरत नाही. बोल्ट उघडल्यावर सगळे तेल बाहेर येत नाही, काही टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि वाहिन्यांत राहते. समजा, एकूण ६ लिटरपैकी दर वेळी साडेतीन लिटर निघते. मग पहिल्या बदलानंतर जुने तेल सुमारे ४२ टक्के उरते, दुसऱ्यानंतर १७, तिसऱ्यानंतर ७. प्रत्येक वेळी थोडी गाडी फिरवून तेल मिसळू द्यावे लागते. म्हणून तीन वेळा बदलणे ही उधळपट्टी नाही. शिवाय कित्येक सीव्हीटीत तेल मोजायची काडी नसते. ठरावीक तापमानाला तपासणीचा बोल्ट उघडून पातळी पाहावी लागते, तेव्हा हे काम अंदाजाने करणाऱ्याकडे देऊ नये.

उलट चूकही तितकीच चूक आहे. सीव्हीटीचे तेल नेहमीच्या ऑटोमॅटिकमध्ये घातले, तर चकत्यांना हवे तसे घर्षण मिळत नाही आणि गिअर हिसक्याने किंवा थरथरत पडतात. ‘महाग तेल, म्हणजे कुठेही चालेल’ हा नियम इथे लागू नाही.

बाजारात ‘युनिव्हर्सल सीव्हीटी’ तेलेही मिळतात. ती निदान सीव्हीटीसाठी बनवलेली असतात, त्यामुळे एटीएफच्या तुलनेत धोका खूपच कमी. पण होंडाचे एचसीएफ-२ आणि निसानचे एनएस-३ यांसारखी तेले आपापल्या पट्ट्याला आणि आपापल्या प्रोग्रॅममधल्या आकड्याला जुळवलेली असतात. काही सीव्हीटीत तर पट्ट्याऐवजी साखळी असते. कंपनीचे तेल मिळत असेल तर माझ्या मते दुसरीकडे वळण्याचे कारण नाही. मिळतच नसेल, तर आपल्या मॅन्युअलमधले नेमके नाव त्या डब्यावर छापलेले आहे ना, एवढे तरी पाहावे.

आणि एक सावधगिरी. हायब्रिड गाड्यांच्या माहितीपत्रकात ‘ई-सीव्हीटी’ असा शब्द असतो. होंडा आणि टोयोटाच्या अशा हायब्रिडमध्ये पट्टाही नसतो आणि शंकूच्या पुलीही नसतात. तिथे मोटर आणि गिअर मिळून काम करतात आणि तेलही वेगळे लागते. नावात सीव्हीटी आहे म्हणून सीव्हीटीचे तेल घातले, तर तीही चूकच.

म्हणून गाडीच्या नावावर जाऊ नका, डब्यावरच्या मोठ्या अक्षरांवरही जाऊ नका. कप्प्यातले मॅन्युअल काढा, शेवटच्या पानांतल्या तक्त्यात गिअरबॉक्सच्या ओळीपुढे तेलाचे जे नाव असेल त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तेल बदलायला जाल तेव्हा तो फोटो दाखवा, सीलबंद डबा आपल्यासमोर उघडायला सांगा आणि बिलावर ‘ट्रान्समिशन ऑइल’ एवढेच न लिहिता तेच पूर्ण नाव लिहून घ्या. पुढे गाडी विकताना तुमच्या फाइलमधली ती एक ओळ घेणाऱ्याला सगळ्यात आधी दिसेल.